रक्ताच्या काचेवर जे दिसत नाही, तेही वाचायचं: फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स, जोडीने केलेल्या नोंदी

या खेपेला दोन काचा शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. दोन्ही शिकवण्यासाठी मिळणाऱ्या, हिवतापाच्या परजीवींच्या, रंग न दिलेल्या काचा. पहिल्या काचेवर प्लास्मोडियम फाल्सिपेरम, दुसरीवर प्लास्मोडियम व्हायव्हॅक्स. जाड आणि पातळ स्मिअर एकाच काचेवर, रंग जिम्सा, भिंग 100x ऑइल इमर्शन. (ताजं रक्त हाताळणं हे प्रयोगशाळेचं काम, ते घरच्या टेबलावर नको.)

रंग

10 टक्के जिम्सा वापरला. एका काचेला 3 मिली पुरतं: 0.3 मिली मूळ रंग आणि 2.7 मिली pH 7.2 चं बफर, वेळ 10 मिनिटं. घाई नसेल तर 3 टक्के द्रावण आणि 45 मिनिटं हा मार्ग चांगला, केंद्रकं जास्त स्वच्छ उठतात. पातळ केलेला रंग त्याच वेळी वापरायचा; ठेवून दिला की त्यात गाळ धरतो. धुताना रंग ओतून टाकू नये. वर चकचकीत पापुद्रा तरंगत असतो, तो काचेवर बसतो आणि मग त्या काळ्या कणांना परजीवी समजायची पाळी येते. बफर हळूच काठाने सोडून पापुद्रा वाहून जाऊ द्यायचा.

पातळ स्मिअर मिथेनॉलने पक्का करतात, जाड करत नाहीत. जाड थरातल्या लाल पेशी पाण्यात फुटून हिमोग्लोबिन निघून गेलं पाहिजे, तरच इतक्या थरांतून आरपार दिसतं. मिथेनॉलचा एक ओघळ जाड थरापर्यंत गेला तर तेवढी जागा वाया. म्हणून काच तिरकी धरून पातळ बाजू खाली ठेवायची. जाड थर उष्णतेनेही पक्का होतो, त्यामुळे वाळवायला दिव्याजवळ ठेवू नये.

पहिली काच: नुसत्या रिंगा

पातळ स्मिअरमध्ये बारीक, नाजूक रिंगा दिसल्या, निळी कडी आणि तिच्यावर लाल क्रोमॅटिनचा ठिपका. काहींना दोन ठिपके, काही पेशींत दोन-दोन रिंगा, काही पेशीच्या कडेला चिकटलेल्या. लाल पेशींचा आकार मात्र वाढलेला नव्हता. रिंगेच्या पुढचे, वाढलेले ट्रोफोझोइट आणि फुटण्याआधी आत विभागलेले शायझोंट शोधूनही सापडले नाहीत.

तपासणी अपुरी राहिली असं यातून मानायचं कारण नाही. फाल्सिपेरमचं रक्तातलं चक्र साधारण 48 तासांचं. पहिल्या अर्ध्यात तो रिंगेच्या रूपात रक्ताबरोबर फिरतो. नंतर तो लाल पेशीच्या पृष्ठभागावर स्वतःची प्रथिनं आणून बसवतो, तिथे बारीक गाठी उठतात आणि पेशी केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटते. मोठे होण्याचं आणि फुटण्याचं काम तिथेच चालतं, प्लीहेच्या चाळणीपासून लांब. बोटातून घेतलेल्या थेंबात म्हणून फक्त तरुण पिढी येते. एकाच काचेवर फाल्सिपेरमचे शायझोंट बरेच दिसू लागले, तर तो गंभीर संसर्गाचा इशारा समजतात.

जाड स्मिअरमध्ये रिंगांबरोबर केळ्याच्या आकाराचे तीन गॅमेटोसाइट, म्हणजे डासात जाणारी नर-मादी रूपं, मिळाले. या एका आकाराने जात ठरते. शिवाय काळाचाही अंदाज येतो: फाल्सिपेरमच्या गॅमेटोसाइटला पिकायला 10 ते 12 दिवस लागतात आणि तो काळ बहुतेक अस्थिमज्जेत जातो. म्हणजे परजीवी रक्तात येऊन तेवढे दिवस तरी झाले. यकृतातला आठवडाभराचा मुक्काम याच्याही आधीचा. त्या काळात कितीही क्षेत्रं तपासली तरी काच कोरीच.

मोजणी

जाड स्मिअरमध्ये पांढऱ्या पेशींच्या हिशेबाने मोजतात. 200 पांढऱ्या पेशी होईपर्यंत 100 किंवा जास्त परजीवी मिळाले तर हातातलं क्षेत्र पूर्ण करून थांबायचं, नाहीतर 500 पांढऱ्या पेशींपर्यंत जायचं. आपल्या काचेवर 204 पांढऱ्या पेशींत 127 परजीवी. पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला 8000 धरून:

```
127 × 8000 ÷ 204 = 4980
```

म्हणजे दर मायक्रोलिटरला सुमारे 4980 परजीवी. गॅमेटोसाइट यात धरले नाहीत, ते वेगळे लिहिले. औषधाने रिंगा गेल्यावरही केळी काही आठवडे दिसू शकतात, त्यांना चालू आजार म्हणून मोजलं तर औषध लागू पडलं नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. 8000 हा आकडा मानलेला आहे, हेही विसरू नये. खऱ्या पांढऱ्या पेशी 4000 असतील तर उत्तर थेट निम्म्यावर, 2490 वर येतं.

दुसरी काच: सगळ्या पिढ्या एकत्र

व्हायव्हॅक्स भिंतींना असा चिकटून लपत नाही, म्हणून काचेवर रिंगा, अमिबासारखे पसरलेले ट्रोफोझोइट, 16 मेरोझोइटांचा एक शायझोंट आणि पेशी भरून टाकणारा गोल गॅमेटोसाइट, असं सगळं एकाच वेळी मिळालं. तो मुख्यतः कोवळ्या लाल पेशींत शिरतो. परजीवी असलेल्या पेशी शेजारच्या पेशींपेक्षा फुगलेल्या आणि त्यांच्यावर गुलाबी शुफनर ठिपके. जाड थरात पेशी उरतच नाहीत, पण परजीवीभोवती फिकट गुलाबी वलय राहतं, ते हेच ठिपके.

मुद्दाम हीच काच pH 6.8 च्या बफरने दुसऱ्यांदा केली, सोबतच्या न रंगवलेल्या प्रतीवर. नेहमीच्या रक्तपेशी पाहायला 6.8 ठीक, पण इथे ठिपके जवळजवळ नाहीसे झाले. अशा काचेवरची तरुण व्हायव्हॅक्स रिंग फाल्सिपेरम म्हणून सहज खपते. वाचवणारी खूण एकच उरते, पेशीचा आकार. तीही पातळ स्मिअरच्या टोकाकडे, जिथे पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात, तिथेच विश्वासाने पाहावी.

चकवे

लाल पेशीवर बसलेली प्लेटलेट हा सर्वांत मोठा चकवा. तिच्याभोवती पांढरट वलय असतं, निळा सायटोप्लाझम आणि वेगळा लाल ठिपका नसतो. फोकस थोडा वर-खाली करावा: परजीवी पेशीच्याच पातळीवर स्पष्ट होतो, प्लेटलेट आणि रंगाचा गाळ वरच्या पातळीवर.

दुसरा चकवा रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत ते बराच वेळ राहिल्याचा. एरवी हा प्रकार डासाच्या पोटात घडतो: तापमान उतरतं, नर गॅमेटोसाइट पंधरा-वीस मिनिटांत आठ चाबकासारखे नर-युग्मक बाहेर टाकतो, फलनानंतर ऊकायनीट भिंतीत शिरून ऊसिस्ट बनतो, आणि उबदार हवेत साधारण 10 ते 14 दिवसांनी स्पोरोझोइट लाळग्रंथींत पोहोचतात. नळीतलं रक्त थंड झालं की पहिली पायरी तिथेच सुरू होऊ शकते, आणि काचेवर वळवळत्या शेपट्यांसारखे धागे मिळतात. अनोळखी माणूस त्यांना जिवाणू समजतो. हेच धागे लावेराँने 1880 मध्ये ताज्या रक्तात हलताना पाहिले होते, आणि त्यावरूनच आतली वस्तू जिवंत आहे हे ओळखलं होतं.

पुढच्या नोंदीसाठी व्हायव्हॅक्सची 3 टक्के द्रावणाची काच बाजूला ठेवली आहे. कोवळ्या रिंगांवर ठिपके कोणत्या टप्प्यापासून दिसू लागतात, ते तिच्यावर क्षेत्रनिहाय लिहायचं आहे.