नळ फुसफुसतो, शॉवर कोरडा: लायनीतली हवा कुठे अडते आणि कशी काढतो

इंदूरमध्ये नर्मदेचं पाणी बऱ्याच वस्त्यांना एक दिवसाआड येतं. नर्मदेकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटरची वाट चढून आलेलं पाणी आधी वस्तीच्या टाकीत आणि तिथून ठरलेल्या वेळी गल्लीत सुटतं. मधल्या काळात गल्लीतला पाइप भरलेला राहत नाही. उतारावरच्या घरांचे नळ आणि लहानमोठ्या गळत्या त्यातलं पाणी काढून घेतात आणि त्या जागी हवा शिरते. पाणी पुन्हा सुटलं की ही हवा पुढे ढकलली जाते, आणि ज्याचा नळ उघडा त्याच्याकडे ती आधी बाहेर पडते. घरगुती नळकामात मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच: नळ आधी फुसफुसतो, मग थुंकल्यासारखं पाणी फेकतो, हे बिघडलंय का?

बहुतेक वेळा नाही. तरी दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. एक, गल्लीतल्या लायनीतून येणारी हवा, जी आपोआप निघून जाते. दुसरी, घराच्या टाकीखालच्या लायनीत अडकलेली हवा, जी आपोआप निघत नाही. ओळखायला पाइपात मावतं किती एवढं माहीत असलं की पुरतं. १५ मिलीमीटरच्या पाइपात एका मीटरला साधारण पावणेदोनशे मिलीलीटर मावतं. रस्त्यापासून हौदापर्यंत २० मीटर पाइप धरला तरी साडेतीन लीटर. एवढी हवा मिनिटाच्या आत निघते. म्हणून नर्मदेचा नळ पाच-दहा मिनिटं फुसफुसत असेल तर ती हवा तुमच्या घरातली नाही. गल्लीतल्या १०० मिलीमीटरच्या पाइपात मीटरला जवळजवळ ८ लीटर मावतं, म्हणजे शंभर मीटरमध्ये आठशे लीटरच्या आसपास. ती हवा पाचपन्नास घरांच्या नळांतून वाटून बाहेर पडते. तुमच्या प्लंबरला त्यात करण्यासारखं काही नाही.

नळ कशामुळे धडधडतो, तेही सांगतो. हवा पाण्याच्या सुमारे आठशे पट हलकी आहे. त्याच दाबाखाली, त्याच भोकातून ती पाण्याच्या जवळपास अठ्ठावीस पट वेगाने सुटते. त्यामुळे हवा बाहेर पडत असताना मागचं पाणी पाइपात मोकाट धावत येतं आणि नळाच्या अरुंद तोंडाशी एकदम अडतं. तोच तो धक्का. जुन्या जीआय लायनीत तो गंज सोडवतो, प्लास्टिकच्या लायनीत सांध्यांवर ताण आणतो. म्हणून नळ यायच्या वेळी कॉक पाव आटाच उघडावा आणि फुसफुस थांबल्यावर पूर्ण खोलावा. नळाच्या तोंडाला जाळी असेल तर त्या वेळेपुरती काढून ठेवावी, कारण पहिला गाळ तिथेच बसतो. पहिलं पाणी पिण्यासाठी भरू नये. लाइन रिकामी असताना गळतीच्या जागांतून बाहेरचं घाण पाणीही आत ओढलं जातं. पाणी दुधासारखं पांढरं दिसलं तर काचेच्या ग्लासात घेऊन ठेवा. खालून वर स्वच्छ होत गेलं तर ते हवेचे बारीक बुडबुडे, वरून खाली स्वच्छ होत गेलं तर गाळ.

आता खरा त्रास देणारा प्रकार. रामबागेतल्या एका घरातलं काम इथे तपशिलाने मांडतो, कारण असं घर शहरात गल्लोगल्ली आहे. खाली हौद, मोटर, गच्चीवर हजार लीटरची टाकी. टाकी रात्री पूर्ण रिकामी झाली की दुसऱ्या दिवशी भरूनही वरच्या बाथरूमचा शॉवर चालत नसे. त्याच बाथरूममधला खालचा नळ मात्र खाकरत, थांबत, बारीक धारेने चाले. त्या घरातल्या काकूंचं म्हणणं होतं, "टाकी काठोकाठ भरली आहे, मग हवा आत राहतेच कशी?" प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर पाइपाच्या वाटेत आहे.

गच्चीच्या फरशीपासून मोजू. टाकी ६० सेंटीमीटरच्या चबुतऱ्यावर, तिचं खालचं तोंड फरशीपासून ७० सेंटीमीटरवर, आणि भरलेल्या टाकीची पातळी १७० सेंटीमीटरवर. २० मिलीमीटरचा पाइप टाकीतून निघून फरशीवर उतरतो, आडवा जातो, मग कठड्यावरून जायला पुन्हा ९५ सेंटीमीटर चढतो आणि बाहेरच्या भिंतीवरून खाली येतो. खाली बाथरूममध्ये तो जमिनीलगत जाऊन शॉवरसाठी परत २१० सेंटीमीटर वर चढतो. चढ, उतार, पुन्हा चढ. हवा अडकायला याहून सोयीची जागा नाही.

टाकी रिकामी झाली की कठड्यापलीकडच्या उभ्या पाइपातलं पाणी बाथरूमच्या खालच्या नळापर्यंत वाहून जातं आणि तिथे हवा भरते. तळाच्या वळणात मात्र पाणी उरतं. टाकी भरल्यावर वरून पाणी येतं, पण ते कठड्यावरच्या उंचवट्याशी येऊन थांबतं, कारण खाली हवेची बंद कोठडी आहे: वर पाणी, खाली पाणी, मध्ये हवा. त्या हवेवर दाब फक्त टाकीची पातळी वजा उंचवटा, म्हणजे १७० वजा ९५, एवढ्या ७५ सेंटीमीटर पाण्याचा. तेवढाच दाब शॉवरच्या बाजूचं पाणी ७५ सेंटीमीटर वर उचलू शकतो. खालचा नळ बाथरूमच्या जमिनीपासून ६० सेंटीमीटरवर आहे, म्हणजे पाणी १३५ पर्यंत चढून थांबणार. शॉवर २१० वर. टाकी भरलेली असूनही शॉवर कोरडा, तो याच हिशेबाने. उभ्या पाइपात जितकी उंची हवेने व्यापली, तितका टाकीचा दाब वाया जातो.

हवा नेमकी कुठे आहे हे शोधायला मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बाहेरचा पाइप वरून खाली हळू ठोकत येतो. पाणी भरलेल्या भागाचा आवाज दबका येतो, हवेच्या भागाचा पोकळ. इथे कठड्यापासून बाथरूमच्या नळाच्या उंचीपर्यंत पोकळ आवाज होता, त्याखाली दबका. आवाज जिथे बदलला तिथे खडूने खूण केली.

हवा काढायचे दोन मार्ग. पहिला सोपा. बाकी सगळे नळ बंद करून सर्वांत खालचा नळ पूर्ण उघडायचा, म्हणजे पाण्याचा वेग वाढेल आणि ते बुडबुड्यांना खाली ओढून नेईल. २० मिलीमीटरच्या पाइपात मिनिटाला निदान ६ लीटर वाहत असेल तरच हे जमतं. त्याहून संथ प्रवाहात बुडबुडा पाण्याच्या उलट दिशेने वर चढून पुन्हा उंचवट्यावर जाऊन बसतो. १० लीटरची बादली दीड मिनिटात भरली तर करत राहा. इथे बादलीला चार मिनिटांहून जास्त लागत होती, म्हणून हा मार्ग सोडला.

दुसरा मार्ग खालून पाणी भरण्याचा. गीझरची कळ आधी बंद केली, कारण त्यात पाणी नसताना तो चालू राहिला तर कॉइल जळते. मग हौदाच्या मोटरच्या वर चढणाऱ्या लायनीवर अंगणात जो कॉक होता, त्याला १५ मिलीमीटरचा होज पाइप लावला आणि दुसरं टोक बाथरूमच्या थंड पाण्याच्या नळाला, दोन्हीकडे क्लिप आवळून. टाकीखालचा गेट वॉल्व्ह उघडा, नळ उघडा, मोटर चालू. पाणी खालून चढतं आणि हवेला तिच्या स्वाभाविक दिशेने, म्हणजे वर ढकलतं. गच्चीवर कुणीतरी टाकीचं झाकण उघडून उभं राहावं. आधी मोठे फुगे येतात, मग बारीक, मग नुसतं पाणी उसळतं. फुगे थांबल्यावर मोटर अर्धा मिनिट आणखी चालू ठेवायची. मग नळ आणि कॉक बंद, मोटर बंद आणि होज काढून टाकायचा. शॉवर लगेच चालला.

हे काम नर्मदेच्या थेट नळाला होज जोडून कधीही करू नये. एक तर दाब गच्चीपर्यंत पोहोचत नाही. दुसरं जास्त गंभीर आहे: मध्येच पुरवठा थांबला तर तुमच्या टाकीचं पाणी उलट गल्लीच्या लायनीत जातं आणि ते शेजाऱ्यांच्या माठात पोहोचतं.

एवढं करून हवा निघते, पण पुढच्या वेळी टाकी रिकामी झाली की पुन्हा भरते. अनेक जण अशा उंचवट्यावरच व्हेंट, म्हणजे वर उघड्या तोंडाचा उभा पाइप, लावतात. त्याने हवा सुटते, पण एक किंमत मोजावी लागते. टाकीची पातळी ९५ सेंटीमीटरखाली गेली की उंचवट्यावर हवा आत येते, पलीकडे उतरणाऱ्या पाण्याची ओढ तुटते आणि पाणी थांबतं. टाकीचं तोंड ७० वर असल्यामुळे खालचं २५ सेंटीमीटर पाणी, म्हणजे हजार लीटरच्या टाकीत सव्वादोनशे लीटरच्या आसपास, पडून राहतं. एक दिवसाआड नळ येणाऱ्या घराला ते परवडत नाही.

म्हणून इथे उंचवटाच काढला. कठड्याच्या पायाशी, फरशीलगत ४० मिलीमीटरचं भोक पाडून पाइप त्यातून बाहेर नेला, आणि भोवतालची फट वॉटरप्रूफ मसाल्याने भरली. ही फट नीट भरली नाही तर पावसाळ्यात खालची भिंत ओलावते, तेव्हा तिथे घाई नको. टाकीपासून भिंतीपर्यंत पाइपाला थोडा एकसारखा उतार दिला, कुठेही झोळ ठेवला नाही. मग टाकीच्या गेट वॉल्व्हच्या लगेच पुढे टी टाकून १५ मिलीमीटरचा व्हेंट सरळ वर नेला. त्याचं टोक टाकीच्या ओव्हरफ्लोपेक्षा ३० सेंटीमीटर उंच, म्हणजे फरशीपासून दोन मीटर. वर दोन एल्बो लावून तोंड खाली वळवलं आणि मच्छर जाळी बांधली. व्हेंट टाकीच्या पातळीपेक्षा आखूड ठेवला की त्यातून पाणी सांडतं, मग कोणीतरी त्याला टोपी लावतं, आणि टोपी लावलेला व्हेंट असून नसल्यासारखा.

सांध्यांचं सोल्युशन डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण वाळू दिल्याशिवाय वॉल्व्ह उघडला नाही. पहिल्यांदा लाइन भरताना गेट वॉल्व्ह अर्धाच खोलला आणि सर्वांत खालचा नळ आधी, शॉवर शेवटी, अशा क्रमाने एकेक उघडले. व्हेंटच्या तोंडाशी हात धरला की सुटणाऱ्या हवेची झुळूक लागते. झुळूक थांबल्यावर वॉल्व्ह पूर्ण उघडला. व्हेंटच्या जाळीवर धूळ बसते, ती दर उन्हाळ्यात टाकी धुताना काढायची असं काकूंना सांगून ठेवलं आहे.