बारा फेब्रुवारी

आज चौथा दिवस. काकींचा तो एक प्रश्न अजून डोक्यातून जात नाहीये. "तू होय म्हटलंस मा रे?" ओरडल्या असत्या, फोन आपटला असता तर मला सोपं गेलं असतं. त्या फक्त विचारत होत्या, आपलं ऐकण्यात तर काही चुकलं नाही ना, अशा सुरात. आणि मी हो म्हटलं होतं. सोमवारी दुपारी जेवताना त्यांचा लग्नाच्या शूटसाठी फोन आला, डाव्या हातात फोन धरून कॅलेंडर उघडलं, बारा फेब्रुवारी कोरी दिसली आणि म्हटलं हो काकी, आहे मी, येतो. त्या हो वर त्यांनी संध्याकाळी दुसऱ्या फोटोग्राफरला नको सांगून टाकलं.

आणि त्याच दिवशी सकाळी साडेनऊला दादाने स्टुडिओच्या कॅलेंडरमध्ये माझ्या नावावर बारा फेब्रुवारी टाकली होती. वेंगुर्ल्यातलं लग्न, दोन दिवस, हळदीपासून. काकींचं देवगडला. मधे अख्खा मालवण तालुका.

दादाचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. आमचं ठरलेलंच आहे की मुहूर्ताच्या तारखा तो आधी टाकतो आणि मला अडचण असेल तर मी त्याच दिवशी सांगतो. तुळशीचं लग्न जवळ आलं की सगळ्यांचे फोन एकदम सुरू होतात आणि सगळ्यांना त्याच पाच-सात तारखा हव्या असतात, पावसाळ्यात कुणी विचारत नाही. म्हणजे गोंधळ व्हायचा तो नेमका याच दिवसांत होणार हे मला माहीत होतं. म्हणूनच तर गेल्या वर्षी त्याच्या कॅलेंडरची लिंक माझ्या गुगल कॅलेंडरला जोडून घेतली. त्याचं आयफोनवर आयक्लाउड, माझं अँड्रॉइड. त्याने कॅलेंडर पब्लिक करून लिंक पाठवली, मी लॅपटॉपवर `Other calendars` समोरचं अधिकचं चिन्ह दाबून `From URL` मध्ये ती टाकली, त्याच्या सगळ्या तारखा जांभळ्या रंगात माझ्याकडे दिसायला लागल्या आणि मी निर्धास्त झालो. वर्षभर सगळं बरोबर दिसत होतं म्हणून मी ते खरंच बरोबर आहे का हे कधी तपासलंच नाही.

सोमवारी रात्री जेवून फोन हातात घेतला तेव्हा बारावर जांभळी पट्टी आलेली होती. दुपारी नव्हती. मी तीन वेळा बंद करून उघडलं. पोटात असा खड्डा पडला की सायलीने विचारलं काय झालं, तर मला बोलताच येईना.

आता कळलंय ते असं. लिंकने जोडलेलं कॅलेंडर म्हणजे एक प्रत असते, आणि ती प्रत गुगल आपल्या सवडीने अधूनमधून नवी आणतं. गुगलच्या मदतीच्या पानावर सरळ लिहिलेलं आहे की बदल दिसायला 12 तासांपर्यंत लागू शकतात. आपण खाली ओढून रिफ्रेश केलं तरी ती प्रत लगेच नवी होत नाही, फोन फक्त गुगलकडे जे पडलेलं आहे तेच परत दाखवतो. म्हणजे दादाने साडेनऊला लिहिलं, काकींचा फोन एकला आला, आणि त्या साडेतीन तासांत माझ्यासमोर जी कोरी तारीख होती ती आदल्या रात्रीची वगैरे असणार. मी शिळं पान बघून आजचा शब्द दिला. शिवाय ही लिंक एकाच बाजूने चालते. माझ्याकडे काय लिहिलंय ते दादाला त्यातून काहीच दिसत नाही. मी वर्षभर याला सिंक म्हणत होतो.

मंगळवारी सकाळी आधी काकींनाच फोन केला. खरं सांगायचं तर सुटका मागायलाच केला होता, कारण वेंगुर्ल्याचं काम मोठं, दोन दिवसांचं, आणि कॅमेऱ्याचा हप्ता... जाऊ दे. पण त्यांनी ते विचारलं आणि मी म्हटलं नाही काकी, मी येतोय, तेच सांगायला केला फोन. मग दादाला सांगितलं. तो म्हणाला बघतो मी दुसरं कुणी. एवढंच. त्यानंतर त्याचा फोन नाही.

दोन दिवस स्वतःची खूप कीव आली. शूट मी करायचं, रात्री दोनपर्यंत एडिटिंग मी करायचं, अल्बमवाल्याच्या मागे मी लागायचं, आणि जेवताना आलेला फोनही मीच घ्यायचा, मग कधीतरी चुकणारच ना माणूस. आईला म्हटलं तर ती म्हणाली, काकींनी तुला कॅलेंडर बघून सांग असं कुठे म्हटलं होतं, त्यांनी तू आहेस का एवढंच विचारलं. यावर काय बोलणार. एक मिनिट थांबून दादाला विचारलं असतं तर एवढ्यावरच भागलं असतं, आणि मी विचारलं नाही कारण समोर कोरी चौकट दिसत होती.

बुधवारी सायली म्हणाली आता रडून झालं असेल तर नीट बसून बघू. बसलो. आणि त्यात दुसरं सापडलं, जे मला पहिल्यापेक्षा जास्त लागलं, कारण ते सगळं माझ्याच कॅलेंडरमध्ये होतं.

लग्नाची तारीख मी नेहमी `All day` करून टाकतो, कारण लग्नाला कसली वेळ लिहिणार, पहाटेपासून वरात संपेपर्यंत. प्री-वेडिंगसाठी मात्र माझं गुगलचं बुकिंगचं पान आहे, त्यावर पुण्या-मुंबईची जोडपी तारकर्लीसाठी सकाळची नाहीतर संध्याकाळची तीन तासांची वेळ स्वतःच निवडतात. सायलीने ते पान तिच्या फोनवर उघडलं आणि बारा फेब्रुवारी दाबली. संध्याकाळची वेळ मोकळी! काकींचं लग्न लिहिलेलं असताना. मी म्हटलं पान अडकलं असेल. मग तिने माझं कॅलेंडर एक्सपोर्ट केलं आणि ती फाईल नोटपॅडमध्ये उघडून काकींची नोंद शोधली. त्यात हे होतं:

```
DTSTART;VALUE=DATE:20260212
DTEND;VALUE=DATE:20260213
TRANSP:TRANSPARENT
```

आधी मी त्या 13 वरच अडकलो, पण ते बरोबर असतं, शेवटची तारीख धरायची नसते, तेराच्या आदल्या क्षणापर्यंत असा त्याचा अर्थ. खरी गोष्ट तिसऱ्या ओळीत होती. नोंद आहे, पण पारदर्शक आहे, वेळ अडवत नाही. गुगलमध्ये वेळ घालून केलेली नोंद आपोआप `Busy` होते आणि अख्ख्या दिवसाची नोंद आपोआप `Free` होते, आपण बदलली नाही तर. अख्ख्या दिवसाच्या नोंदी बहुतेक लोक वाढदिवस वगैरेसाठी करतात म्हणून तसं ठेवलं असेल. मला तारीख भरलेली दिसत होती कारण मी पट्टी वाचत होतो. बुकिंगचं पान पट्टी वाचत नाही, ते फक्त `Busy` आहे का तेवढं बघतं. नोंद उघडून `Free` चं `Busy` केलं, पान परत उघडलं, बाराची संध्याकाळ गायब. सायलीने मागेपुढे करून तीनदा दाखवलं. `Free` केलं की वेळ दिसते, `Busy` केलं की जाते. फाईलमध्येही तिथे मग `OPAQUE` येतं.

या सीझनची सगळी लग्नं त्या पानावर मोकळी दिसत होती. कुणी त्या वेळा घेतल्या नाहीत हे माझं नशीब, मी काळजी घेतली म्हणून नव्हे. मुंबईहून कोणी गाडी करून, हॉटेल घेऊन आलं असतं आणि मी देवगडला मांडवात असतो. तोच प्रश्न मग दुसऱ्या कोणी विचारला असता.

काल संध्याकाळी दादाकडे गेलो, फोनवर बोलवेना म्हणून. चहा झाला. मी म्हटलं लिंक काढून टाकली, आता तुझ्यासाठी माझ्याच गुगलमध्ये एक वेगळं कॅलेंडर केलंय आणि तुझ्या जीमेलला `Make changes to events` ची परवानगी दिलीय, माझ्या तारखा तू तिथे लिही, प्रतीची भानगडच नको, बुकिंगच्या पानालाही ते कॅलेंडर बघायला लावलंय. त्याचं आयक्लाउड बाकीच्या मुलांसाठी राहू दे. त्याला आयफोनच्या कॅलेंडरमध्येच हवं होतं, पण तिथे गुगलचं खातं जोडलं तरी आयफोन ते ठरावीक वेळाने आणतो, आणि त्याच्या फोनमध्ये ते `Automatically` वर होतं, म्हणजे चार्जिंगला आणि वायफायवर असेल तेव्हाच. म्हणून त्याला गुगल कॅलेंडरचं अ‍ॅपच टाकून दिलं. समोर बसून एक नोंद करून बघितली, काही सेकंदांत माझ्या फोनवर आली. त्याला म्हटलं, अख्ख्या दिवसाची असेल तर `Busy` करायला विसरू नको. तो म्हणाला तू आधी स्वतःचं बघ. रागाने नाही म्हणाला. निघताना एवढंच म्हणाला की वेंगुर्ल्याला सावंतवाडीचा पोरगा जातोय, चांगला आहे. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात शोधून सापडत नाही, देवीचा कौल लागला की कळते, आणि तोवर सगळे थांबतात, चाकरमानीसुद्धा रजा टाकायचे थांबतात, कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. मग मला फोनवर दोन मिनिटं थांबा म्हणायला एवढं जड का जातं? काम जाईल या भीतीनेच. पटकन हो म्हणणारा तो भरवशाचा, असं मी धरून चाललो होतो.

आता मी आधी लिहितो, मग बोलतो. तारीख विचारली की त्या कॅलेंडरमध्ये पिवळ्या रंगात HOLD आणि नाव, `Busy` करून, आणि दोन दिवसांनंतरची मुदत. अ‍ॅडव्हान्स आला की हिरवं, नाही आला तर काढायचं आणि त्यांना तसं कळवायचं. तरी एक फट राहतेच. रेंज नसेल तर मी लिहिलेलं माझ्याच फोनमध्ये बसून राहतं, दादाला दिसत नाही, त्याचं मला दिसत नाही. आणि आपल्याकडे रेंज नसलेली वळणं काय कमी आहेत.

आज दुपारी आचऱ्याच्या पुढे नेमकं तेच झालं. फोन लागत होता, नेटचा पत्ता नाही. मुलाचे वडील, 20 फेब्रुवारी विचारत होते. कॅलेंडरमध्ये तारीख कोरी दिसत होती. तोंडाशी हो आलं होतं. म्हटलं, काका, मी रस्त्यात आहे, घरी पोचून तासाभरात सांगतो. ते म्हणाले, अहो फक्त आहे की नाही तेवढं सांगा. मी परत तेच म्हटलं. त्यांचा आवाज थोडा बदलला, बरं म्हणाले, ठेवला.

घरी पोचलो, नेट आलं, थोडं थांबलो. तारीख कोरीच होती, दादाला फोन करूनही विचारलं. HOLD टाकून काकांना फोन केला तर उचलला नाही. मेसेज टाकलाय. एक टिक आहे अजून. पिवळी पट्टी पडून आहे, परवा रात्री 8 पर्यंत.