सुई चार अंशांनी ढळली

साक्री तालुक्यातल्या एका पाझर तलावाच्या जागेची मोजणी होती. उपग्रहावर चालणारं यंत्र दुसऱ्या कामावर गेलं होतं, म्हणून प्रिझमॅटिक कंपास आणि टेप घेऊन चार स्टेशनांचा बंद फेरा घ्यायचं ठरलं. अ आणि ब खालच्या सपाट शेतात, क टेकाडाच्या उत्तरेच्या अंगाला आणि ड टेकाडापलीकडे. टेकाड म्हणजे काळ्या दगडाची एक लांब भिंतच आहे. साक्री, नंदुरबारकडे अशा भिंती कितीतरी दिसतात, भूगर्भवाले त्यांना डाईक म्हणतात. जमिनीच्या भेगेत लाव्हा घुसून थिजला, आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि भिंत उभी राहिली. तिचे दगड आडवे फुटतात, सरपण रचून ठेवावं तसे.

कंपासच्या कामात एक नियम सोडायचा नसतो. प्रत्येक रेषेचं बेअरिंग, म्हणजे सुईच्या उत्तरेपासून उजवीकडे मोजलेला कोन, दोन्ही टोकांवरून घ्यायचं आणि दोन्हींत बरोबर १८० अंशांचा फरक यायला हवा. अ वरून ब ४८ अंश ३० मिनिटं, ब वरून अ २२८ अंश ३० मिनिटं. म्हणजे ही दोन्ही स्टेशनं स्वच्छ. पुढे ब वरून क आला ११२ अंश, पण क वरून ब दिसला २९६ वर. यायला हवे होते २९२. क वर सुईचं उत्तर टोक चार अंश पश्चिमेला सरकलं होतं, म्हणून तिथलं प्रत्येक वाचन चार अंशांनी फुगलं होतं.

अशा वेळी पहिला संशय स्वतःजवळच्या लोखंडावर घ्यायचा. टेपची डबी, कुऱ्हाड, किल्ल्या, चष्म्याची काडी, पट्ट्याचं बक्कल, मोबाईल, सगळं वीस पावलं लांब ठेवून पुन्हा वाचलं. तेच २९६. सुईचा ब्रेक सोडून, डबीवर हलकी टिचकी मारून पाहिलं, कारण टोकदार खुंटी बोथट झाली की सुई अडकते. सुई मोकळी झुलून पुन्हा तिथेच आली. शेताचे मालक आबा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "हाई सुई येडी व्हई गई का भो?" बरोबरच्या तरुण ओव्हरसीअरने मोबाईलमधला कंपास काढला, तर तोही तसाच ढळलेला. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं: मोबाईलमधलं दिशादर्शकसुद्धा तिथलं चुंबकीय क्षेत्रच मोजतं, त्यामुळे सुई जिथे फसते तिथे तोही फसतो. जागा सांगणारी उपग्रहांची सोय वेगळी, तिला याची बाधा नाही.

आबांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच द्यावंसं वाटलं. सुईला उत्तरेकडे कोणी ओढत नाही, तिला फक्त वळवतं. चुंबकलेली शिवणाची सुई बुचावर ठेवून ताटलीतल्या पाण्यात सोडली, तर ती दक्षिणोत्तर वळते, पण उत्तरेच्या काठाकडे तरंगत जात नाही. कारण ताटलीच्या लांबीरुंदीत पृथ्वीचं क्षेत्र सगळीकडे सारखंच असतं. एका टोकाला एकीकडे जेवढा जोर, तेवढाच दुसऱ्या टोकाला उलटीकडे, म्हणून सुई फिरते आणि थांबते. शिवाय हा जोर आडवा नसतो. खानदेशात तो जमिनीत साधारण ३० अंश खाली झुकलेला आहे. म्हणून सुईचं उत्तर टोक खाली बसू पाहतं आणि ते सावरायला दक्षिण टोकावर बारीकसं वजन दिलेलं असतं. क वर सुईबरोबरची अंशांची चकतीसुद्धा किंचित कलली होती. म्हणजे तिथे क्षेत्राची आडवी दिशाच नव्हे, त्याचा कलही बदलला होता.

पृथ्वीच्या पोटात मोठा लोहचुंबक पुरलेला आहे, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं, आणि ते चूक आहे. लोखंड ७७० अंश सेल्सियसवर तापलं की त्याचं कायमचं चुंबकत्व जातं, आणि पृथ्वीच्या गाभ्यात त्याहून कितीतरी पट उष्णता आहे. खरं काम करतं ते बाह्य गाभ्यातलं वितळलेलं लोखंड. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपासून ५,१०० किलोमीटरच्या थोडं पुढेपर्यंत ते पसरलेलं आहे. गाभा हळूहळू निवतो, आतला भाग घट्ट होत जातो, त्यामुळे हा रस खालीवर घुसळला जातो आणि पृथ्वीच्या फिरण्याने त्या प्रवाहांना पीळ बसतो. विजेचं वाहक असलेलं द्रव्य चुंबकीय क्षेत्रातून वाहिलं की त्यात वीज निर्माण होते आणि ती वीज तेच क्षेत्र टिकवते. डायनॅमोच, फक्त तारांच्या गुंडाळीऐवजी वाहता रस. वाहणं बदलतं म्हणून क्षेत्रही सरकतं, आणि कधीकधी पूर्ण उलटतं. शेवटचं उलटणं सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीचं.

आता दगड. आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा ५८० अंशांच्या खाली निवताना ते कण त्या वेळच्या क्षेत्राची दिशा धरून बसतात. दख्खनचे थर साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, आणि त्यांतल्या पुष्कळशा खडकांनी आजच्या उलट दिशा धरलेली आहे. टेकाडावरून नारळाएवढा दगड आणून सुईच्या उत्तर टोकाजवळ धरला. टोक दगडाकडे आलं. दगड तिथल्या तिथे उलटा फिरवल्यावर तेच टोक लांब पळालं. ही खूण पक्की. नुसता लोखंडाचा तुकडा कोणत्याही बाजूने ओढतोच. ढकलतो तो फक्त स्वतः चुंबक असलेला.

ड वर वाचनं सव्वातीन अंशांनी कमी आली, म्हणजे सुई पूर्वेला ढळली. भिंतीच्या दोन्ही अंगांना उलटसुलट ढळ. भिंत नेमकी पूर्व-पश्चिम असती, तर तिच्या क्षेत्राने सुईच्याच रेषेत जोर लावला असता आणि सुई वळली नसती. ही थोडी ईशान्येकडे तिरकी आहे. पण माथ्यावरून चालत गेल्यावर एका जागी पाचसहा पावलांत ढळ ११ अंशांवर गेला आणि लगेच उतरला. उंचावर वीज पडली की तिच्या प्रवाहाने दगड वेडावाकडा चुंबकतो, तेव्हा तो तुकडा विजेचा असावा. क वरचे चार अंश भिंतीचे की विजेचे, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. भिंतीला समांतर दर दहा पावलांवर वाचन घ्यायला हवं: ढळ सारखाच राहिला तर भिंत, ठिकठिकाणी त्याने उड्या मारल्या तर वीज.

मोजणी यामुळे वाया जात नाही. एका स्टेशनवरची सगळी वाचनं सारखीच ढळतात, म्हणून तिथला कोन खराच राहतो. क वर ब दिसला २९६ वर, ड दिसला १९७ अंश ३० मिनिटांवर. फरक ९८ अंश ३० मिनिटं, बिनचूक. चारही कोनांची बेरीज ३६० भरली. स्वच्छ अ-ब पासून सुरुवात करून क ला चार अंश वजा आणि ड ला सव्वातीन अंश मिळवले की फेरा मिटतो.

तरी नकाशा शेरा मारून परत आला: "कंपास दुरुस्त करून फेरमोजणी करावी." छापील तक्त्यात दुरुस्तीचा रकानाच नाही, आणि तपासणाऱ्याने मागचं-पुढचं बेअरिंग ताडून पाहिलं नव्हतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम अलिबागला हलवलं, तेव्हा तिथली इमारत मुद्दाम पोरबंदरी दगडात बांधली, काळ्या दगडात नाही. हे जाणणारी माणसं शंभर वर्षांपूर्वी होती. परत पाठवताना नकाशासोबत सगळी वाचनं, दुरुस्त्या आणि कोनांची बेरीज जोडली आहे, आणि कंपास अ-ब वर पुन्हा तपासला: ४८ अंश ३० मिनिटं, २२८ अंश ३० मिनिटं.