बढतीचा मेल आणि आठ दिवस अडकलेली एक ओळ

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात क्वालिटीला इन्चार्जची जागा निघाली. अर्ज तिघांचे आले, मुलाखती झाल्या, एकाची निवड झाली. गाडं अडलं ते बढती जाहीर करणाऱ्या मेलपाशी, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

मी केलेला मसुदा पुण्याच्या हेड ऑफिसमधून परत आला तेव्हा त्यात त्यांची ठरलेली ओळ घुसवली होती: ‘दीर्घ अनुभव व नेतृत्वगुण यांच्या आधारे सर्वांत योग्य उमेदवाराची निवड करण्यात आली आहे.’ निवड झालेल्याची नोकरी ६ वर्षांची, मागे राहिलेल्या एकाची १४. त्याने ही ओळ कशी वाचायची? अनुभव बघितला असेल तर निवड चुकली, बघितला नसेल तर मेल खोटा. शिवाय ‘सर्वांत योग्य’ म्हटलं की उरलेले दोघे कमी पडले असाच अर्थ निघतो. नावं लिहिली नाहीत म्हणून काय झालं, अख्ख्या शॉपला ती पाठ असतात.

मी ओळ काढून पाठवली, ती परत घालून आली. फोनवर उत्तर एकच, ‘सगळ्या युनिटला असंच जातं.’ यात आठ दिवस गेले आणि तोवर बातमी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर पोचली. शेवटी जागेची सूचनाच मेलला जोडली आणि विचारलं, यात ‘दीर्घ अनुभव’ कुठे आहे ते दाखवा. सूचनेत तीनच निकष होते: रात्रपाळी वर्षभर एकट्याने सांभाळणं, ग्राहकाच्या ऑडिटला सामोरं जाणं, दोन ट्रेनी तयार करणं. त्याच संध्याकाळी मंजुरी आली.

मग मेल असा गेला: ‘सूचनेत तीन निकष दिले होते. यांनी १४ महिने रात्रपाळी सांभाळली, ग्राहकांची दोन ऑडिट स्वतः हाताळली, तीन ट्रेनी तयार केले. १ तारखेपासून ते इन्चार्ज असतील.’ मुलाखतीतले गुण नाहीत, कुणाशी तुलना नाही. ‘इतर इच्छुकांचे आभार’ हेही मी काढलं. तिघांच्या विभागात ते आभार म्हणजे दोघांकडे बोट दाखवणंच. सूचनेत निकष लिहिलेच नसतील तर मात्र मेलसाठी मागाहून तयार करू नका, लगेच पकडले जातात. नवी जबाबदारी काय ती लिहा आणि थांबा.

हे आधीच सांगायला हवं होतं: मेल जाण्यापूर्वी त्या दोघांना वेगवेगळं बोलावून घ्या. मी सकाळी बोललो, मेल दुपारी पाठवला. चौदा वर्षंवाले म्हणाले, “साहेब, ऑडिटला मला कधी बसवलंच नाही.” खरं होतं ते. पुढच्या ऑडिटला त्यांचं नाव त्यांच्यासमोरच लिहिलं.