तराजूची तीन उत्तरं

चतुर्थीला डिचोलीच्या घरी आरती झाल्यावर भाच्याला कोडं घातलं: नऊ नाणी, त्यातलं एक हलकं, तराजू दोनदाच वापरायचा. पोरगा चार-चारवर अडला. हलकं त्यात निघालं तर चार उरतात, मग दोन, आणि तिसरं वजन लागतंच.

माझा भाऊ उत्तर फोडणारच होता. काकीने त्याला गप्प केलं नि विचारलं, "बाबू, तराजू तुला किती उत्तरं देता?"

"दोन. हे पारडं जड, नाय तर ते."

"आनी?"

बराच वेळ गेला. मग ओरडला, "सारखी!" तिसरं उत्तर सापडल्यावर तीन-तीनचे गट त्याने स्वतःच केले. दोन गट तोलले की हलकं कोणत्या तिघांत ते कळतं, मग त्या तिघांतली दोन तोलायची.

"तीन ढीग कर" म्हटलं असतं तर कोडं तिथेच संपलं असतं. "नीट विचार कर" याला तर मी इशारा मानतच नाही.

आता त्याने मला बारा नाण्यांचं घातलंय: खोटं हलकं की जड तेही ठाऊक नाही, वजनं तीन. काकी हसते, म्हणते इशारा तोच.