प्लग अडकला की आधी कान द्यायचा

इलेक्ट्रिक गाड्यांच्या सर्व्हिसिंगमध्ये पावसाळ्यात एक तक्रार हमखास येते: चार्जिंग झालंय, पण प्लग निघत नाही. जुलैतल्या एका सकाळी कोथरूडच्या सोसायटीतून असाच फोन आला. तिथे चार्जर एकच, एका ताईंची गाडी रात्रभर लावलेली आणि शेजारचे काका आपली गाडी घेऊन खोळंबलेले. मी पोचलो तेव्हा काका दोन्ही हातांनी प्लग गदागदा हलवत होते.

"काका, आधी हात काढा. ओढलात तर आणखी घट्ट बसेल."

सोसायटीतल्या अशा एसी चार्जरच्या टाइप २ प्लगच्या मुठीवर सोडायचं बटण नसतं. त्याला धरून ठेवणारी खीळ गाडीच्या सॉकेटमध्ये असते. बारा व्होल्टवर चालणारी एक छोटी मोटर ती पुढे सरकवते आणि खीळ प्लगच्या खाचेत बसते. प्लग ओढला की खाचेची कड खिळीवर आडवी दाबली जाते. एवढ्याशा मोटरला मग ती मागे घेता येत नाही.

मी ताईंना किल्लीवरून अनलॉक करायला सांगितलं आणि सॉकेटजवळ कान नेला. या आवाजावरून निम्मं निदान होतं. काहीच आवाज आला नाही, तर बारा व्होल्टची बॅटरी उतरलेली असते, फ्यूज गेलेला असतो, नाहीतर गाडीच्या हिशोबाने चार्जिंग अजून चालूच असतं. एकदाच टक् झालं तर खीळ सुटलेली असते, फक्त प्लग लगेच काढावा लागतो; बऱ्याच गाड्या थोड्या वेळाने पुन्हा लॉक करतात. इथे मात्र लागोपाठ टक्-टक्-टक् आलं. मोटर जोर लावत होती आणि खीळ हलत नव्हती.

कारण समोरच दिसत होतं. चार्जरची जाड केबल भिंतीवरून ताणून आणलेली, तिचं सगळं वजन प्लगला खाली खेचत होतं. मी एका हाताने केबल उचलून धरली, दुसऱ्याने प्लग सरळ आत दाबला आणि म्हणालो, "आता दाबा." एकच स्वच्छ टक्, आणि प्लग हातात आला. खाचेत बारीक चिखल बसला होता. चार्जरचा एमसीबी बंद करून तो कोरड्या ब्रशने काढला. इथे तेल किंवा ग्रीस अजिबात लावायचं नाही, धूळ त्यालाच चिकटते.

मग स्क्रीनवरची सेटिंग उघडली, आणि खरं दुखणं तिथे होतं. लॉक 'नेहमी' वर होतं. म्हणजे चार्जिंग मध्यरात्री संपलं असतं तरी खीळ सकाळपर्यंत ताणाखाली तशीच बसणार. स्वतःची केबल घेऊन बाहेर चार्ज करणाऱ्याला हे लॉक हवंच, नाहीतर केबल चोरीला जाते. पण इथे केबल चार्जरलाच जोडलेली होती, ती कोण नेणार? म्हणून मी 'चार्ज पूर्ण झाल्यावर एसी प्लग सोडा' हा पर्याय चालू केला. ताईंना बजावलं, की बाहेर स्वतःची केबल वापराल तेव्हा हे परत 'नेहमी' वर न्या.

पण 'पूर्ण' म्हणजे गाडीला काय वाटतं, हेही बघावं लागतं. त्यांची मर्यादा १०० टक्क्यांवर होती. शेवटच्या टप्प्यात गाडी सेल समतोल करत अगदी थोडा करंट घेत राहते. माणसाला वाटतं झालं, गाडीला वाटतं चालू आहे, आणि खीळ सुटत नाही. रोजच्यासाठी मर्यादा ९० केली. बॅटरी लोह-फॉस्फेटची असल्यामुळे आठवड्यातून एकदा पूर्ण चार्ज करायला सांगितलं, तेही चार्जरसाठी कोणी थांबलेलं नसेल तेव्हा. टायमर लावला असेल तर गाडी ठरलेल्या वेळेची वाट बघत थांबते, ते चार्ज पूर्ण होणं नव्हे, हेही सांगितलं.

"आणि हायवेवरच्या फास्ट चार्जरवर?" ताईंनी विचारलं.

तिथे ही सेटिंग लागू होत नाही. डीसी गन चार्जिंग संपून व्होल्टेज साठच्या खाली येईपर्यंत लॉकच राहते, आणि राहायलाच हवी. आधी चार्जरवरून किंवा अ‍ॅपमधून सेशन थांबवायचं, मग अनलॉक.

डिकीच्या बाजूच्या झाकणामागे त्यांच्या गाडीची आणीबाणीची दोरी आहे, तीही दाखवली. चार्जिंग थांबवून, पुरवठा बंद करून, प्लगवरचा ताण काढून मगच ती हळू ओढायची. झटका दिला तर दोरी तुटते आणि मग अख्खं सॉकेट उघडावं लागतं.

काकांच्या गाडीत आपोआप सोडण्याचा पर्यायच नाही. त्यांना चार्जिंग संपल्यावर किल्ली घेऊन खाली यावंच लागेल. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला मात्र भिंतीवरचा हुक गाडीच्या सॉकेटच्या बाजूला सरकवायला सांगितला, म्हणजे केबल दोघांसाठीही सैल राहील.