लिव्हर शाबूत, तरी कावीळ

फॉर्मवर डॉक्टरांनी दोनच शब्द लिहिले होते, ‘कावीळ, अशक्तपणा’, आणि खाली तपासणी एकच: एलएफटी, म्हणजे लिव्हरची तपासणी. पावसाळ्याचे दिवस होते. आमच्या तालुक्यात या दिवसांत पिण्याच्या पाण्यातून काविळीची साथ येतेच, त्यामुळे लॅबमध्ये असे फॉर्म रोज येतात. त्या सकाळी लागोपाठ दोन आले. एक अकरावीतला मुलगा, आठवडाभर ताप आणि उलट्या. दुसरे साठीतले एक माळकरी शेतकरी. त्यांना सगळे आबा म्हणत, म्हणून मीही इथे आबाच म्हणते.

आबांचे डोळे पिवळे होते, पण त्या पिवळेपणाखाली त्वचा पांढरीफटक होती. लिंबाच्या सालीसारखी फिकट छटा. मुलाचा पिवळेपणा निराळा, भरीव आणि हळदी. ही छटा एकदा नीट पाहिली की पुढे डोळा चुकत नाही.

सेंट्रिफ्यूजमधून दोघांच्या नळ्या बाहेर आल्या तेव्हा मी थांबले. मुलाच्या नळीत वरचं सिरम मोहरीच्या तेलासारखं गडद होतं आणि तळाची तांबडी गुठळी नेहमीएवढी. आबांचं सिरम त्या मानानं फिकट पिवळं, पण तळाशी तांबडं जेमतेम होतं. नळी जवळजवळ सगळी सिरमचीच. लिव्हर बिघडल्यानं आठवड्याभरात रक्त एवढं आटत नाही. आबा अजून बाकावरच बसले होते. मी टेक्निशियनला म्हटलं, “त्यांना जाऊ देऊ नकोस. सीबीसीसाठी एक जांभळ्या बुचाची नळी घे, आणि लघवीही घे.”

रिपोर्ट आले. मुलाचं एकूण बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं रंगद्रव्य, ८.४, त्यातलं डायरेक्ट ६.१, एसजीपीटी दीड हजाराच्या वर. लिव्हरच्या पेशी फुटत होत्या, यात शंका नव्हती. आबांचं एकूण बिलिरुबिन ३.६, डायरेक्ट फक्त ०.५, म्हणजे बाकीचं सगळं इनडायरेक्ट. एसजीपीटी ३१, अल्कलाइन फॉस्फेटेज नॉर्मल, अल्ब्युमिनही ठीक. या आकड्यांवरून लिव्हरला नावं ठेवायला जागाच नव्हती.

डायरेक्ट आणि इनडायरेक्ट हा फरक कशानं पडतो, ते इथेच सांगते, कारण आबांचं सगळं प्रकरण त्यावर फिरतं.

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हातारी झाली की ती प्लीहेतून, म्हणजे पानथरीतून, जाताना तिथल्या भक्षक पेशी तिला गिळतात. लिव्हरमध्ये आणि हाडांतल्या मज्जेतही अशा भक्षक पेशी असतात. आत हिमोग्लोबिन सुटं होतं. त्यातली प्रथिनं आणि लोह शरीर पुन्हा वापरतं. उरतो हीमचा सांगाडा. तो कापला की आधी हिरवं बिलिव्हर्डिन बनतं आणि मग त्याचं पिवळं बिलिरुबिन. मुका मार लागल्यावर कातडीवरचा काळानिळा डाग आधी हिरवट आणि मग पिवळा होतो, ते हेच काम आपल्या डोळ्यांदेखत चाललेलं असतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमधून साधारण ३५ मिलिग्रॅम बिलिरुबिन निघतं. निरोगी माणसात रोज सहा-एक ग्रॅम हिमोग्लोबिन असं मोडीत निघतं, म्हणजे दोनशेच्या वर मिलिग्रॅम बिलिरुबिन रोज तयार होतं, आणि तरीही आपण पिवळे दिसत नाही.

हे ताजं बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून ते लिव्हरपर्यंत येतं. हेच इनडायरेक्ट. अल्ब्युमिनला घट्ट धरून असल्यामुळे ते मूत्रपिंडातून गाळलं जात नाही. लिव्हर त्याला ग्लुक्युरोनिक आम्ल जोडतं, मग ते पाण्यात विरघळतं. हे डायरेक्ट. ते पित्तातून आतड्यात जातं, तिथले जंतू त्याचं युरोबिलिनोजेन करतात आणि शेवटी शौचाला तपकिरी रंग येतो. लिव्हरच्या पेशी सुजल्या किंवा पित्ताची वाट अडली, तर जोडणी झालेलं डायरेक्ट बिलिरुबिन रक्तात परत फिरतं आणि लघवीतून बाहेर पडायला लागतं. वाट पूर्ण अडली तर शौच मातकट पांढरं होतं.

म्हणून लघवी महत्त्वाची. आमच्याकडे स्ट्रिप आहेत, पण शंका असली की मी फुशेची टेस्ट करायला सांगते. लघवीत बेरियम क्लोराइड घालायचं, गढूळ साका फिल्टर पेपरवर गाळायचा आणि तो सुकला की त्यावर फुशेच्या द्रावणाचा एक थेंब टाकायचा. मुलाच्या कागदावर थेंब पडताच हिरवा डाग उमटला, कारण बिलिरुबिन उलटं फिरून बिलिव्हर्डिन झालं. आबांचा कागद पांढराच राहिला. मात्र त्यांच्या लघवीत युरोबिलिनोजेन वाढलेलं होतं. म्हणजे लिव्हर आपलं काम करत होतं, नेहमीपेक्षा जास्तच करत होतं, आणि माल त्याच्याही आवाक्याबाहेर येत होता.

आता प्रश्न राहिला तो माल येतो कुठून याचा. पहिला संशय हिमोलिसिसचा, म्हणजे तांबड्या पेशी रक्तात किंवा प्लीहेत वेळेआधी फुटण्याचा. पण त्यात मज्जा जोर लावून नव्या पेशी बाहेर ढकलते आणि रक्तात रेटिक्युलोसाइट, म्हणजे या कोवळ्या तांबड्या पेशी, भराभर वाढतात. आबांचं हिमोग्लोबिन ५.१ आणि रेटिक १.४ टक्के. एवढ्या कमी रक्तात हा आकडा म्हणजे मज्जेकडून जवळजवळ काहीच येत नाही असा अर्थ होतो. त्यात पांढऱ्या पेशी २,८००, प्लेटलेट ८२,००० आणि तांबड्या पेशींचा सरासरी आकार, एमसीव्ही, १२२. पेशी मेल्या की रक्तात वाढणारं एलडीएच लावलं तर ४,००० च्या वर. पेशी प्रचंड संख्येनं मरत होत्या, पण मज्जेतून बाहेर पडत नव्हत्या.

मी काचेवर पसरलेली रक्ताची स्मिअर मायक्रोस्कोपखाली घेतली. तांबड्या पेशी मोठ्या आणि अंडाकृती, मधला फिका भाग दिसेनासा झालेला. मग पांढऱ्या पेशींपैकी एक न्यूट्रोफिल दिसला. त्याच्या केंद्रकाचे भाग मोजले: सहा. काच जरा सरकवली, तर पुढचा सात भागांचा. साधारणपणे तीन-चार असतात. ब्लास्ट, म्हणजे अगदी कच्च्या पेशी शोधायला मी काच कडेपर्यंत फिरवली, कारण तिन्ही पेशी कमी असल्या की ल्युकेमियाची भीती आधी मनात येते. एकही दिसली नाही.

डॉक्टरांना फोन केला. “सर, ही लिव्हरची कावीळ नाही. बी १२ प्रचंड कमी असणार. लेव्हलसाठी रक्त आधी काढून ठेवते, मग तुम्ही इंजेक्शन सुरू करा.” ते क्षणभर थांबून म्हणाले, “पायाला मुंग्या येतात असं म्हणत होते खरे. मी वयाचं समजलो.”

बी १२ नसलं की डीएनए तयार होण्यात खोळंबा होतो. मज्जेतली तरुण पेशी आकारानं वाढते, तिच्यात हिमोग्लोबिन भरायला लागतं, पण केंद्रक मागे राहतं आणि विभाजन अडतं. अशा पेशी मज्जेतच मरतात आणि तिथल्याच भक्षक पेशी त्यांना गिळतात. निरोगी माणसातही रोजच्या बिलिरुबिनचा साधारण पाचवा हिस्सा म्हाताऱ्या पेशींखेरीज इतर ठिकाणांहून येतो, त्यात मज्जेत वाया गेलेल्या पेशीही आल्या. आबांच्या मज्जेत बहुतेक उत्पादनच वाया जात होतं. त्यांचा मुलगा वीटभट्टीवर काम करायचा. त्याला मी सांगितलं, “विटा भट्टीतच फुटायला लागल्या तर ट्रक रिकामा राहतो आणि आवारात खडीचा ढीग लागतो. ट्रक रिकामा म्हणून आबा पांढरे पडलेत, आणि ढीग लागलाय म्हणून पिवळे.” त्याला ते लगेच उमगलं.

मग त्याच्याकडून बाकीचं कळलं. घरात दोन म्हशी, पण दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जायचं, घरात चहापुरतं राहायचं. आबा माळकरी, मांस-अंडी वर्ज्य. बी १२ वनस्पतींतून मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातूनच काय ते मिळतं. लिव्हरमध्ये त्याचा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून त्रास हळूहळू येतो आणि कुणाला तो आजार वाटत नाही. डोळे पिवळे दिसल्यावर त्यांना कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं होतं. त्यानं गळ्यात माळ घातली आणि पथ्य सांगितलं: तेल, तूप, हळद, दूध, दही सगळं बंद, फक्त उसाचा रस आणि मऊ भात. होता तो एकुलता एक झराही महिनाभर बंद झाला होता. साथीच्या काविळीतून बहुतेक माणसं आपोआप बरी होतात, त्यामुळे अशा माळांना यश मिळत राहतं. आबांच्या काविळीत मात्र वाट पाहण्यानं काहीच भलं होणार नव्हतं, आणि ते मला फार लागलं.

आबांना दाखल केलं. रक्त लगेच चढवलं नाही. इतक्या महिन्यांत हळूहळू कमी झालेल्या रक्ताला हृदय सरावलेलं असतं, आणि एकदम बाटल्या चढवल्या तर त्याच्यावर भार येऊन दम लागू शकतो. ते बसून नीट बोलत होते, म्हणून डॉक्टरांनी रोज बी १२चं इंजेक्शन आणि पोटॅशियमवर लक्ष, एवढंच ठरवलं. नव्या पेशी झपाट्यानं बनायला लागल्या की त्या पोटॅशियम ओढून घेतात. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांवर भागवायचं नाही हेही त्यांनी घरच्यांना बजावलं. त्यानं रक्त सुधारलेलं दिसतं, पण नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. लेव्हल आली ती ८८. आमच्या लॅबची खालची मर्यादा २०० च्या आसपास आहे.

सहाव्या दिवशी रेटिक २१ टक्के आलं. हिमोग्लोबिन मात्र अजून ६ च्या आतच होतं. त्याच नमुन्यात बिलिरुबिन १.४ वर उतरलं होतं आणि एलडीएच हजाराच्या खाली. आबांचा मुलगा म्हणाला, “मॅडम, रक्त तर फारसं वाढलं नाही, मग डोळे कसे पांढरे झाले?” त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. बी १२ मिळाल्यावर मज्जेत मरणाऱ्या पेशी दोन दिवसांतच मरायच्या थांबल्या, त्यामुळे बिलिरुबिनची आवक तुटली आणि साचलेलं लिव्हरनं भराभर काढून टाकलं. रक्त भरून यायला मात्र पेशी एकेक करून बनाव्या लागतात, त्याला आठवडे जातात.

दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.८, बिलिरुबिन ०.७, प्लेटलेट दीड लाखाच्या पुढे. पायाच्या अंगठ्यावर ट्युनिंग फोर्कची थरथर आबांना अजून नीट कळत नाही. ती परत यायला सहा महिने लागू शकतात, आणि पूर्ण येईलच असं नाही. महिन्याला एक इंजेक्शन चालू आहे, आणि एका म्हशीचं दूध आता घरात राहतं.